गुलाबी कडा

अण्णांकडून मी किती गोष्टी उसन्या घेतल्या याचा हिशेब कधी मांडला नाही. पण एका रात्रीचं देणं मात्र नेमकं सांगता येतं : चोवीस चित्रं, प्रत्येक ३२ बाय ३२ ठिपक्यांचं.

२००७ साल. पुण्यात आम्ही बटणांच्या मोबाइलसाठी जावा गेम्स बनवायचो. परदेशी गिऱ्हाइकाकडून चित्रांचा एक पत्रा आला होता. पत्रा म्हणजे एकाच चित्रात सहा-सहा चौकोनांच्या चार रांगा, आणि प्रत्येक चौकोनात तीच घागऱ्यातली मुलगी; कुठे धावताना, कुठे उडी मारताना. तिच्याभोवती सपाट, डोळ्यांत खुपणारा मजेंटा, लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. चित्रात सहसा कोणी वापरत नाही म्हणून हा रंग पार्श्वभूमीला देण्याची रीत. तो काढून पारदर्शक करायचा, एवढंच माझं काम. मी ते दहा मिनिटांत उरकलं. फोटोशॉपमधली जादूची कांडी घेतली, मजेंटावर टिचकी मारली, डिलीट दाबलं आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवाल्याने दोन फोन माझ्या टेबलावर ठेवले. एकावर मुलीभोवती फिकट गुलाबी धुकं होतं. दुसऱ्यावर धुकं नव्हतं, पण तिची काळी बाह्यरेषा उंदराने कुरतडल्यासारखी तुटलेली. फाइल एकच, आजार दोन. शिवाय दोन्हींवर तिच्या हातातली बांगडी गायब!

अण्णा शेजारच्या टेबलावर बसायचे. वयाने सगळ्यांत मोठे. कॉम्प्युटरवर येण्याआधी वीसेक वर्षं त्यांनी लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग केलं होतं. त्यांनी दोन्ही फोन डोळ्यांजवळ नेले आणि मला एवढंच विचारलं, "कांडीचा टॉलरन्स किती होता गं?"

मला ठाऊकच नव्हतं. मी तिथे कधी पाहिलंच नव्हतं. ३२ होता, आणि त्याच्या शेजारी अँटी-एलियसच्या चौकोनात खूण होती. ३२ म्हणजे नेमका मजेंटाच नव्हे, तर त्याच्या आसपासचे रंगही निवडा. बांगडीचा रंग होता २४०, १६, २२४. मजेंटापासून तिन्ही आकडे ३२ च्या आत, आणि बांगडी पार्श्वभूमीला चिकटलेली. ती गेली यात नवल नव्हतं. अँटी-एलियसमुळे निवडीची कड, खास करून तिरक्या रेषांवर, गुळगुळीत झाली होती. म्हणजे कडेचे काही ठिपके पूर्ण न पुसता अर्धेमुर्धे पुसले गेले. मजेंटाच्या बाजूचे अर्धे उरले, रेषेच्या बाजूचे अर्धे गेले.

"मग दोन फोनांवर वेगळं का दिसतं?" मी विचारलं.

त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. ते मी नंतर जावाच्या दस्तऐवजात शोधलं. ज्या फोनला अर्धपारदर्शकता जमते तो ते ठिपके तसेच दाखवतो. तेच गुलाबी धुकं. ज्याला जमत नाही, त्याने असे ठिपके पूर्ण पारदर्शक करावेत असा नियम होता. म्हणून दुसऱ्या फोनने रेषेचे अर्धवट ठिपके गिळून टाकले.

अण्णांनी मात्र आपल्या भाषेत सांगितलं. "पॉझिटिव्हवर करडं ठेवलं की स्क्रीन कच्ची निघते. जाळीतून शाई एकतर जाते, नाहीतर जात नाही. करड्याला जागाच नाही." पिक्सेल आर्टवर इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठेही वाचलं नाही.

त्यांनी टॉलरन्स शून्य केला, अँटी-एलियसची खूण काढली आणि कंटिग्युअसची होती, तीही काढली. ती असती तर कंबरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यामधला मजेंटाचा त्रिकोण तसाच राहिला असता, कारण तो बाहेरच्या मजेंटाला कुठेच टेकत नव्हता. (चित्राच्या आतच नेमका तोच मजेंटा असेल, तर मात्र ही युक्ती अंगाशी येते, आमच्या मुलीच्या अंगावर तो नव्हता.) मग खाली एक थर घालून तो आधी पांढरा, मग काळा, मग भडक हिरवा रंगवला. पांढऱ्यावर लपणारी घाण काळ्यावर दिसते आणि दोन्हींवर लपणारी हिरव्यावर.

आज हेच मी दोन ओळींत करते :

```
magick sheet.png -transparent "#FF00FF" out.png
magick out.png -alpha extract -format "%k" info:
```

दुसरी ओळ पारदर्शकतेच्या किती वेगवेगळ्या पायऱ्या उरल्या ते मोजते. उत्तर २ यायला हवं. ३ आलं तरी कुठेतरी करडं आहे.

त्या रात्री प्रकरण तिथेच संपलं असतं. पण गिऱ्हाइकाने सुधारलेला पत्रा पाठवला, तो वाटेत कुणीतरी जेपेगमध्ये साठवून पुन्हा पीएनजी केलेला. मूळ पत्र्यात मजेंटा धरून सोळा रंग होते, यात शेकडो. मजेंटा एक राहिलाच नव्हता, त्याची गर्दी झाली होती. मूळ फाइल मागवायची तर समुद्रापलीकडे मध्यरात्र. अण्णांनी जुन्या पत्र्यातली सोळा रंगांची पाटी उचलली आणि नव्या पत्र्यातला प्रत्येक ठिपका त्यातल्या सगळ्यांत जवळच्या रंगावर बसवला, डिदर बंद ठेवून.

नव्वद टक्के काम झालं असं मला वाटलं, तेवढ्यात बाह्यरेषेच्या बाहेर जांभळे ठिपके दिसले. कारण समजल्यावर हसू आलं. काळा आणि मजेंटा निम्मे-निम्मे मिसळले की १२८, ०, १२८ होतो. घागऱ्याचा जांभळा होता १२२, ३१, १४०. जेपेगने कडेवर कालवलेल्या रंगाला पाटीत घागराच सगळ्यांत जवळचा नातेवाईक वाटला! यावर यंत्राचा इलाज नव्हता. घागऱ्याचा जांभळा रेषेच्या आत खरा, रेषेबाहेर खोटा, हे डोळ्यांनीच ठरवायचं. बारा चौकोन त्यांनी घेतले, बारा मला दिले. पावणेबाराला शेवटचा ठिपका काळा केला आणि त्यांची शेवटची बस गेली. रिक्षाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

काही वर्षांनी तोच गेम आम्ही स्पर्शाच्या फोनसाठी मोठा केला, आणि गुलाबी कड परत आली. पारदर्शकतेच्या पायऱ्या अगदी २ होत्या. मी अण्णांना फोन केला. ते तेव्हा निवृत्त झाले होते. "काढलेल्या मजेंटाचा रंग कुठे गेला?" त्यांनी विचारलं. तो कुठेच गेला नव्हता. ठिपका पारदर्शक असला तरी त्याच्या पोटात २५५, ०, २५५ तसेच होते, आणि चित्र मोठं करताना शेजारचे ठिपके मिसळले जात तेव्हा ते वर येत. मी त्या ठिपक्यांचे आकडे काळे केले, कारण आमची बाह्यरेषाच काळी होती, आणि मोठं करताना मिसळण्याऐवजी जवळचाच ठिपका घ्यायला सांगितलं, तेही पूर्ण पटीत.

नवी मुलगी मी त्यांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी चित्र ताणलं आणि बराच वेळ पाहिलं.

"सतराव्या चौकोनात," ते म्हणाले, "कोपराखाली एक जांभळा राहिलाय."

राहिला होता. माझ्या बारांपैकी होता तो चौकोन.