जुना पेपर, चालू पेपर

माझ्या कॉलेजमधली ज्युनिअर मुलं मला अजूनही व्हॉट्सअॅपवर प्रश्न पाठवतात. ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस हे दोन विषय मला आवडायचे. शेवटच्या वर्षाला मी हॉस्टेलवर ते शिकवायचो, आणि तेव्हापासून माझा नंबर बॅच दर बॅच पुढे जात राहिला. नोकरीला लागून पाच वर्षं झाली, तरी परीक्षेच्या मोसमात रोज दोन-तीन मेसेज असतातच. ‘दादा, एक डाउट होता.’

यातले बहुतेक डाउट जुन्या पेपरांतले असतात. पण ऑनलाइन टेस्ट सुरू झाल्यापासून अधूनमधून एखादा मेसेज असा येतो, की उत्तर टाइप करता करता मी थांबतो. हे पोरगं घरी सराव करतंय, की आत्ता परीक्षेला बसलंय?

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गेल्या सेमिस्टरला एका मंगळवारी सकाळी अकरा वीसला एका मुलाचा मेसेज आला. पेज रिप्लेसमेंटचा प्रश्न होता. मेमरीत तीन फ्रेम आहेत, पानं या क्रमानं मागितली जातात: ४, १, ६, ४, २, १, ५, ६, ४, २. एलआरयू पद्धतीनं किती पेज फॉल्ट होतील? पर्याय ६, ७, ८, ९. खाली एवढंच: ‘दादा फक्त ऑप्शन सांग, अर्जंट आहे.’

कॉम्प्युटरवाले नसाल तर हा प्रश्न असा समजा. टेबलावर एका वेळी तीनच पुस्तकं मावतात, बाकीची कपाटात आहेत. हवं ते पुस्तक टेबलावर नसलं की उठून कपाटापर्यंत जावं लागतं. ही फेरी म्हणजे एक फॉल्ट. टेबल भरलेलं असेल तर नवं पुस्तक ठेवायला एक जुनं परत न्यावं लागतं. फिफो म्हणते, सगळ्यात आधी आणलेलं परत ने. एलआरयू म्हणते, ज्याला सगळ्यात जास्त वेळ हात लावला नाहीस ते परत ने.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याच वर्गातल्या एका मुलीचा मेसेज आला. तेच आकडे, तोच क्रम. ‘दादा, काल आमची अकरा ते बारा युनिट टेस्ट होती, त्यातला हा प्रश्न. मी ९ लिहिलं आणि बरोबर आलं. पण घरी सहज फिफोनं करून बघितलं तर ६ च आले. एलआरयू जास्त हुशार ना, मग असं कसं?’

म्हणजे मंगळवारी सकाळी जो चालू पेपर होता, तोच बुधवारी संध्याकाळी जुना पेपर झाला होता. प्रश्नातला एक आकडाही बदलला नव्हता. म्हणून फक्त प्रश्न वाचून काही कळत नाही. प्रश्नाला आणखी काय काय चिकटून आलंय, ते बघावं लागतं.

जुन्या पेपराला त्याचा कागद चिकटलेला असतो. वर ‘SEAT No.’ची चौकट असते, उजवीकडे कंसात गुण असतात, खाली ‘P.T.O.’ असतं, कुणीतरी पेनानं केलेल्या खुणा असतात, झेरॉक्सचा काळा पट्टा असतो. डिप्लोमाची मुलं असतील तर एमएसबीटीईच्या मॉडेल आन्सरचं पान असतं, ज्यावर ‘WINTER – 2019 EXAMINATION’ असं छापलेलं असतं. जेईई मेनवाल्या पोरांकडे एनटीएची रिस्पॉन्स शीट असते. परीक्षा झाल्यावर ती उत्तरसूचीसोबत मिळते. त्यात प्रत्येक प्रश्नाशेजारी ‘Question ID’, ‘Status’ आणि ‘Chosen Option’ असे शब्द असतात. हे तीन शब्द फोटोत दिसले की मी निर्धास्त होतो, कारण परीक्षा संपल्याशिवाय ते पान जन्मालाच येत नाही.

उलट बाजूला मात्र एवढी पक्की खूण नाही. वर टायमर पळतोय आणि खाली ‘Save & Next’चं बटण आहे, असा फोटो आला की संशय येतो. पण एनटीएच्या सराव चाचण्यांचा पडदा मुद्दाम खऱ्या परीक्षेसारखाच केलेला असतो, तोच टायमर आणि तीच बटणं. क्लासवाल्यांच्या टेस्ट सिरीजही तशाच दिसतात. नीट सराव करणाऱ्या मुलाचा फोटो खऱ्या परीक्षेसारखाच दिसणार, त्याचा सरावच मुळी त्यासाठी असतो.

घाईचंही तसंच आहे. ‘अर्जंट’ या शब्दावरून चोर ठरवायचा तर निम्मं कॉलेज चोर निघेल. आमच्याकडे पेपरच्या आदल्या रात्री साडेअकराला अभ्यास सुरू करायची परंपरा आहे. त्या वेळी आलेल्या मेसेजमध्ये नमस्कार नसतो, आभार नसतात. ‘दादा हे कसं’ एवढंच असतं. तो मुलगा परीक्षेला घाबरलेला असतो, पण परीक्षेत बसलेला नसतो. त्याला ‘कॉपी करतोयस का?’ असं विचारलं तर तो पुन्हा कधी काही विचारणार नाही. आधीच त्याला वर्गात हात वर करायची लाज वाटते, म्हणून तर तो एका अनोळखी दादाला रात्री मेसेज करतो.

त्यामुळे मी आरोप करत नाही. साध्या गोष्टी विचारतो, ज्या कोणताही शिकवणारा तसंही विचारेल.

पहिली: कुठल्या पेपरातला आहे, पूर्ण पान पाठव. जुन्या पेपरातला प्रश्न कधी एकटा नसतो, त्याला शेजारी असतात. वरचा अ, खालचा क, मध्ये ‘OR’. सराव करणाऱ्याच्या हातात ते पान असतंच, दहा सेकंदांत फोटो येतो. ऑनलाइन परीक्षेत बऱ्याचदा एका वेळी एकच प्रश्न दिसतो, आणि विचारणाऱ्यानं तेवढाच कापून किंवा टाइप करून पाठवलेला असतो.

दुसरी: तुझं काय आलं? सराव करणाऱ्याकडे याला बहुतेक वेळा उत्तर असतं, चुकलेलं का होईना. ‘मला ७ आले पण उत्तर ९ आहे’, ‘तिसऱ्या पायरीपर्यंत जमतंय’, किंवा त्या मुलीसारखं ‘बरोबर आलं, पण पटलं नाही’. त्याचा प्रश्न उत्तरापाशी संपत नाही, तिथून सुरू होतो. परीक्षेत बसलेल्याला मात्र ‘का’ नको असतं, अक्षर हवं असतं. ए, बी, सी, डी.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी: संध्याकाळी सांगितलं तर चालेल का? सराव करणाऱ्याचं सहा-सात तासांनी फारसं बिघडत नाही. परीक्षेत बसलेल्याला मात्र बारा वाजून गेल्यावर ते उत्तर काही कामाचं नसतं. म्हणून समोरचा कोण आहे हे मला कळलं नाही तरी चालतं. नुसत्या उशिरामुळे एकाला सगळं मिळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही. आदल्या रात्रीचा मेसेज असेल तर अर्थातच मी लगेच उत्तर देतो. रात्री साडेअकराला कुठलं कॉलेज परीक्षा घेत नाही.

मंगळवारच्या त्या मुलाला मी हेच तिन्ही विचारलं. पान आलं नाही. ‘प्रॅक्टिस आहे दादा, ऑप्शन सांग ना’ असं आलं. तुझं काय आलं, यावर काही नाही. मी लिहिलं, ‘सात वाजता फोन कर, आकृती काढून समजावतो. तोपर्यंत हे बघ.’ आणि वेगळे आकडे घेऊन, दोन फ्रेमचं छोटं उदाहरण पायरी पायरीनं सोडवून पाठवलं. खरंच सराव करणाऱ्याला त्यातून पद्धत कळली असती आणि त्यानं पाच मिनिटांत स्वतःचं गणित सोडवलं असतं. दोन निळ्या टिका आल्या. सात वाजता फोन आला नाही.

मुलीचा फोन मात्र चाळीस मिनिटं चालला, कारण तिचा प्रश्न खरंच चांगला होता. टेबलावर ४, १, ६ ही पुस्तकं आहेत, पुन्हा ४ ला हात लावलाय, आणि आता २ हवंय. एलआरयू १ परत पाठवते, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ हात लागलेला नाही. आणि लगेच पुढचीच मागणी १ ची येते! मग १ साठी ६ जातं, ५ साठी ४ जातं, आणि थोड्याच वेळात ६ आणि ४ पुन्हा लागतात. जे नुकतं परत पाठवलं तेच मागितलं जातंय. पहिल्या चार मागण्यांनंतर एलआरयूला एकदाही टेबलावर पुस्तक सापडत नाही, म्हणून ९. फिफोनं २ साठी ४ परत पाठवलं, त्यामुळे १ आणि ६ टेबलावर राहिले आणि कामाला आले, म्हणून ६. एलआरयू ‘नुकतं वापरलेलं पुन्हा लागेल’ या अंदाजावर चालते, आणि या क्रमात तो अंदाज सतत चुकतो. ‘म्हणजे एलआरयू वाईट नाही, हा क्रमच तिच्या विरुद्ध आहे,’ असं ती म्हणाली. हे तिच्या पेपरात विचारलेलंच नव्हतं.

कॉलेजच्या युनिट टेस्टमध्ये जास्तीत जास्त दोन गुणांचा प्रश्न असतो. मोठ्या परीक्षांचं तसं नाही. २१ जून २०२४ पासून सार्वजनिक परीक्षांतले गैरप्रकार रोखणारा केंद्राचा कायदा लागू आहे. यूपीएससी, एसएससी, रेल्वे भरती, आयबीपीएस आणि एनटीएच्या परीक्षा त्यात येतात. परीक्षा चालू असताना अनधिकृत माणसानं एका जरी प्रश्नाचं उत्तर पुरवलं तरी तो त्यात अनुचित मार्ग धरला आहे. शिक्षा तीन ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. त्या कायद्याचा रोख परीक्षार्थीपेक्षा बाहेरून मदत करणाऱ्यावर आहे, म्हणजे माझ्यासारख्या ‘दादा’वर. म्हणून अशा परीक्षांच्या दिवशी मी घड्याळ बघतो. जेईई मेनच्या दोन शिफ्ट असतात, सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी तीन ते सहा. त्या वेळांत त्या अभ्यासक्रमाचा प्रश्न आला तर उत्तर सहानंतर.

ही चाळणी पक्की नाही. कुणी पूर्ण पान पाठवेल, चुकीची आकडेमोड दाखवेल आणि चालू परीक्षेतला प्रश्न माझ्याकडून सोडवूनही घेईल. एवढी तयारी करणाऱ्याला मी फोनवरून ओळखू शकत नाही, ते काम परीक्षा घेणाऱ्यांचं. माझ्या हातात एवढंच आहे, की माझं उत्तर नुसतं अक्षर नसावं. ते नेहमी पद्धत सांगणारं असावं, शक्यतो वेगळ्या आकड्यांवर आणि शक्यतो थोडं उशिरा. ‘तुझं काय आलं?’ या प्रश्नावर सराव करणारं पोरगं आजवर एकदाही रुसलेलं नाही. उलट बहुतेक जण वहीचा फोटो पाठवतात, खाडाखोडीसकट.