सहीपुरतं राहिलेलं पत्र

आमच्या आळीत दहावीपर्यंत गेलेला मी पहिलाच. त्यामुळं मिसरूड फुटायच्या आधीच माझ्या गळ्यात एक काम पडलं. आळीतल्या लोकांची पत्रं लिहायची आणि आलेली वाचून दाखवायची. माणदेशातलं आमचं गाव. पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत. मागं राहिलेल्या बायका आणि म्हातारी माणसं कार्ड घेऊन ओट्यावर यायची. मी मांडीवर वही धरून लिहायचो.

लिहून लिहून पत्राचा साचा हातात बसला होता. वर मधोमध श्री. मग मायना. मग 'वि. वि. इकडील सर्व क्षेम असून तुमची खुशाली कळवावी'. मग पाऊसपाणी, पैसे पोचले का, म्हैस व्याली का. शेवटी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, पत्राचं उत्तर लगेच पाठवावं. झालं.

दुखवट्याच्या पत्राला मात्र हा साचा चालत नाही. म्हाताऱ्या माणसांनी मला ते एकेक करून शिकवलं. वर श्री घालायचा नाही. क्षेम लिहायचं नाही. खुशाली विचारायची नाही. पैशाअडक्याचा विषय काढायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या घरचं दुःख त्यात घालायचं नाही. ज्याच्या दारात प्रेत उठलंय त्याला आपलं रडगाणं ऐकवू नये. असं पत्र आलं की आमच्याकडं दाराबाहेरच वाचायचे आणि वाचून झालं की फाडून टाकायचे. घरात ठेवायचं नाही.

एवढं सगळं वगळल्यावर लिहायला राहतं काय? तर गेलेला माणूस. तो कसा होता, आपल्याला कधी कसा उपयोगी पडला, हे दोन ओळीत लिहायचं आणि मागं राहिलेल्यांना धीर द्यायचा. माणूस माहितीतला असला की ते पत्र पाच मिनिटांत होतं. नसला की अडतं. पण माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, पत्र अडलं ते आणखीच वेगळ्या जागी.

आक्काला माझ्याकडून पत्र लिहून घ्यायची कधी गरज पडली नाही. ती सातवी झालेली. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती. ती हयात आहे म्हणून नाव लिहीत नाही. दोघी शेजारच्या, शाळेत एका पाटावर बसलेल्या. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा दोघींची शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती. तलावाच्या कामावर दोघी शेजारी शेजारी बसून खडी फोडायच्या. जुन्या चिंध्यांची चुंबळ करायची, तीत दगड धरायचा आणि वरून हातोडी मारायची, म्हणजे चिपा डोळ्यात उडत नाहीत. ढीग मापून पैसे मिळायचे. या दोघींचा ढीग एकच असायचा. मुकादम म्हणायचा, "वायले ढीग करा गं पोरींनो, कुणाचं किती कसं कळायचं?" त्यांनी शेवटपर्यंत वायले केले नाहीत. कामावर सुकडी मिळायची, तीही एकाच फडक्यात बांधून आणायच्या.

पुढच्या दोन वर्षांत दोघींची लग्नं झाली. आक्का शेजारच्या गावी पडली. मैत्रीण मुंबईला, परळच्या चाळीत. नवरा गिरणीत. सात-आठ वर्षं पत्रं चालली. नागपंचमीच्या आत एक आणि दिवाळीला एक, हे ठरलेलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या भागातली किती तरी माणसं तेव्हा गावी परत आली. काही तिकडंच कुठं कुठं पांगली. आक्कानं त्या साली पाठवलेलं पत्र परत आलं. 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा. त्यांनी खोली सोडली होती. मैत्रिणीचे आईबाप पुढं वारले, भावांनी रान विकलं, तिला गावाकडं यायचं कारण उरलं नाही. दोघींत भांडण नाही, रुसवा नाही. पत्ता गेला आणि माणूस गेलं.

चाळीस वर्षं अशी निघून गेल्यावर मुंबईहून आलेल्या एकाकडून बातमी कळली. मैत्रिणीचा नवरा वारला. ती कल्याणला मुलाकडं असते. त्यानं पत्ता दिला, फोन नंबर दिला.

मी म्हणालो, "आक्का, फोन लावून देतो."

"नगं बापू," ती म्हणाली. "मला नीट ऐकू येत न्हाई. तिकडनं ती रडंल, हिकडनं मी हॅलो हॅलो करत बसंल. पत्रच लिवते."

गुडघ्यांमुळं तिला प्रवास होत नव्हता. मी तालुक्याच्या पोस्टातून एक निळं आंतरदेशीय आणून दिलं. ते संपेपर्यंत खर्डा करायला वहीचे कागद दिले.

पहिला कागद मायन्यावरच अडला. जुन्या रीतीनं नवरा गेलेल्या बाईला 'गं. भा.' लिहायचं, गंगाभागीरथी. आक्का म्हणाली, "खडी फोडताना मी तिला काय म्हणायची? आगं येडे. आन आता गंगाभागीरथी लिवू व्हय?"

कोल्हापूरकडं हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. ते मी आक्काला पेपरात वाचून दाखवलं होतं. ती आठवण काढून तिनं 'गं. भा.' खोडलं आणि नुसतं नाव लिहिलं. मायना सुटला.

दुसरा कागद नवऱ्याच्या ओळीवर अडला. त्याला तिनं पाहिलं होतं एकदाच, लग्नात, मुंडावळ्या बांधलेला. शेवटी तिनं लिहिलं, "तुझ्या पत्रात तू लिवायचीस, आमचं माणूस रात पाळीहून आल्यावर आदी पाणी भरून देतं, मग झोपतं. ते मी इसरले न्हाई." मी वाचलं आणि म्हटलं, यापेक्षा चांगली ओळ मलाही जमली नसती. माणूस माहीत नव्हता, पण त्याचं पाणी भरणं माहीत होतं. एवढं पुरे होतं.

पुढं दोन ओळी धीराच्या. लेकाजवळ आहेस, खाण्यापिण्याची हयगय करू नको. पत्र तिथं पुरं झालं असं मला वाटलं. मी म्हणालो, "आता सही कर, मी उद्या टाकतो."

सहीवर ती थांबली ती थांबलीच.

जुन्या पत्रांत ती खाली 'तुझीच, सौ.' लिहून मग नाव लिहायची. आमचे दाजी जाऊन अकरा वर्षं झाली. मैत्रिणीला ते माहीत नाही. आक्का पत्र पुढ्यात घेऊन मला समजावू लागली.

"आसं बघ बापू. नुसतं नाव लिवलं, तर तिला वाटंल सौ. लिवायचं इसरली. तिच्या मनात मी आजून कुक्कू लावून बसलेली बाई. भरल्या कपाळाची बाई दुसरीला धीर धर म्हंती, ते लागतं रं. माझं झालं तवा मला लागलंय."

"मग लिही की, आमचेही गेले म्हणून."

"आन ती काय करंल? आदी तिच्या माणसाचं रडंल का माझ्या? तुमीच म्हणता, दुखवट्याच्या पत्रात आपलं घालू ने."

मला उत्तर सुचलं नाही. नियम मीच तिला सांगितलेला. आणि नियम खोटा नव्हता. दहाव्याच्या आत पोचलेल्या पत्रात दुसऱ्याच्या मरणाची बातमी असणं बरं नाही. पण तो नियम केला तो एकमेकांची खबर ठेवणाऱ्या माणसांसाठी. अशा घरी दुखवट्याचं पत्र जातं तेव्हा लिहिणारा कोण, त्याच्या घरी काय झालंय, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. आक्काच्या पत्राला चाळीस वर्षांची खबर आधी पोचवायची होती आणि मग दुखवटा. हे उलट्या क्रमानं करता येत नाही.

मी म्हणालो, "मी लिहितो माझ्या नावानं. त्यात तुझं एका ओळीत कळवतो."

"तू लिवलंस तर ते तुझं पत्र व्हईल."

दहावा झाला. तेरावा झाला. मी दोन-तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी ती पत्र काढायची, वाचायची, रात पाळीच्या ओळीवर थोडं थांबायची आणि घडी घालून ठेवायची. वर्षश्राद्धही होऊन गेलं असेल. दुखवट्याचं पत्र घरात ठेवत नाहीत, पण हे तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे, परळहून आलेल्या जुन्या कार्डांच्या वर.

परवा तिच्याकडं हुलगं द्यायला गेलो होतो. जेवताना विषय निघाला. मी म्हणालो, "आक्का, आता तर सुतक नाही, काही नाही. सगळंच लिही एकदम. तुझं, तिचं."

ती म्हणाली, "ते पत्र वाचून फाडायचं असतं बापू. चाळीस वर्सं लिवायची आन तिनं ती फाडायची?"

मग भाकरी वाढत म्हणाली, "दोन पत्रं लागत्याली. येक फाडायचं, येक ठिवायचं. तालुक्याला गेलास तर आजून येक निळं आण."

मी आणून दिलंय. दोन्ही पेटीत आहेत. आधी कुठलं जायला पाहिजे, ते तिचं अजून ठरलेलं नाही.