डिसिजन मेड

मामाने पेढे वाटले तेव्हा व्हिडिओ परत आलेला नव्हता. घोळ झाला होता एका हिरव्या खुणेमुळे. ती खूण कशाची आहे हे मला आधीच सांगता आलं असतं, कारण तसल्याच खुणा बनवण्याचा मला पगार मिळतो. पण मी तेव्हा स्टँडअप मीटिंगमध्ये होतो.

मामाचं गाव मंचरच्या पुढे आहे. घरात बैलगाडा शर्यतीचा नाद आजोबांपासूनचा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम केला. ह्या सगळ्या तारखा मामाला तोंडपाठ आहेत. मधल्या सात वर्षांत त्याने सर्जाला विकलं नाही. नुसता दावणीला बांधून सांभाळला. २०२२ च्या यात्रेत म्हातारा सर्जा एकदाच घाटात उतरला आणि मामेभावाने ती बारी मोबाइलवर घेतली. पुढच्या पावसाळ्यात सर्जा गेला. मामेभावाचा फोन भरला तशा जुन्या फाइल त्याने उडवल्या. व्हिडिओ चॅनेलवर आहेच की, हा त्याचा हिशोब. म्हणजे सर्जाची ती बारी आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण आपलं नव्हतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये एका सोमवारी रात्री ईमेल आला. प्राण्यांशी क्रूरता दाखवल्याच्या धोरणाखाली व्हिडिओ काढला आहे, चॅनेलवर एक स्ट्राइक आहे, आठवडाभर नवीन काही टाकता येणार नाही. आणि यात्रा पाच दिवसांवर.

मामेभावाचा पहिला विचार तो व्हिडिओ स्वतःच डिलीट करायचा होता, म्हणजे स्ट्राइक जाईल. मी फोनवर अक्षरशः ओरडलो. प्लॅटफॉर्मने काढलेला व्हिडिओ लोकांना दिसत नाही, पण तो त्यांच्या साठ्यात असतो. अपील म्हणजे 'हा परत एकदा पाहा' अशी विनंती. तो तुम्हीच उडवलात तर पाहायला काही उरत नाही, अपील निकाली निघतं आणि स्ट्राइक बहुतेक ठिकाणी तसाच राहतो. डाउनलोडचं बटणही करडं झालं होतं, त्यामुळे कॉपी काढून ठेवण्याचा मार्ग बंद.

मग त्याने अपिलाचा मजकूर लिहून मला पाठवला. त्यात सुप्रीम कोर्ट होतं, शिवकाळापासूनची परंपरा होती, शेतकऱ्याच्या भावना होत्या. सगळं खरं होतं आणि एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. अपील पाहणाऱ्यासमोर शर्यत कायदेशीर आहे का हा प्रश्नच नसतो. त्याच्यासमोर व्हिडिओ असतो, धोरणाचं एक कलम असतं आणि बघायचं असतं ते एवढंच, की ह्यात दिसतं ते त्या कलमात बसतं का. कायद्याने चालणारी गोष्ट प्लॅटफॉर्मच्या धोरणात न बसणं शक्य असतं, आणि बहुतेक भांडणं ह्याच फटीत होतात.

म्हणून आम्ही दोघांनी तो व्हिडिओ आठवून आठवून लिहून काढला. मामेभावाने तो इतक्या वेळा पाहिला होता की त्याला सेकंद पाठ होते. सुरुवातीची तीन मिनिटं भंडारा आणि मिरवणूक. ३:४८ ला बारी सुटते, बारा सेकंदांत निशाणापर्यंत. ४:०५ ला सर्जा पुढच्या गुडघ्यावर घसरतो. ४:०९ ला एक माणूस हात वर करून धावत येतो, हातात उपरणं. त्या हातामुळेच सगळं झालं असावं असं आम्हाला वाटलं. आवाज बंद करून बघितलं तर तो मारायला धावतोय असंच वाटेल. खरं तर तो मामा होता, घाम पुसायला धावलेला. ४:२० ला सर्जा उभा राहतो आणि पुढे चालत जातो. अंतिम मजकूर सहा ओळींचा झाला: कुठल्या सेकंदाला काय दिसतं, हातात काय आहे, चाबूक, काठी, टोचणी कुठेच नाही, आणि बैल कितव्या सेकंदाला उभा राहतो. तो सोप्या इंग्रजीत पाठवला. मराठी वाचणारा माणूस तिकडे बसलेला असेल ह्या भरवशावर सर्जाला सोडायचं नव्हतं.

सबमिट केल्यावर स्क्रीनवर आलं, `Pending`.

मी एका विमा कंपनीसाठी क्लेमची प्रणाली लिहितो. तिथेही हेच तीन शब्द आहेत, आणि डेटाबेसमध्ये ते साधारण असे बसलेले असतात:

```
status:   pending → under_review → decision_made
outcome:  null    → null         → upheld | overturned
```

दोन वेगळे रकाने आहेत हे नीट बघा. पुढची सगळी गोष्ट त्या दोन ओळींमधल्या अंतराची आहे.

पेंडिंग म्हणजे तुमचा अर्ज रांगेत पडला आहे आणि अजून कोणाच्याही नावावर नाही. 'बघताहेत' असा त्याचा अर्थ नाही. उलट, कोणीही बघत नाही हीच एक गोष्ट पेंडिंग खात्रीने सांगतो. ही रांग रेशनच्या दुकानासारखी पहिला आला पहिला गेला अशी नसते. धोरण किती गंभीर, व्हिडिओ किती लोकांपर्यंत गेला, कोणती भाषा, अशा गोष्टींवरून अर्ज वेगवेगळ्या रांगांत पडतात आणि पुढेमागे सरकतात. त्यामुळे मित्राचं दोन तासांत झालं म्हणून आपलं दोन दिवस का लागतंय, ह्याला काही अर्थ नसतो. आपण दोघे एका रांगेत उभेच नसतो. मामेभाऊ दर दहा मिनिटांनी पान रिफ्रेश करत होता. मी त्याला सांगितलं की तू फक्त एक रकाना वाचतोयस. वाचल्याने तो बदलत नाही.

बुधवारी दुपारी `Under review` आलं. संध्याकाळी सात वाजता पुन्हा `Pending`. मामेभावाचा फोन आला, रडवेला. "दादा, फेटाळलं वाटतं."

फेटाळलं नव्हतं. अंडर रिव्ह्यू म्हणजे अर्ज रांगेतून उचलून कोणाच्या तरी नावावर लावला गेला. उचलल्यावर त्याला कुलूप लागतं, म्हणजे दुसऱ्या कोणी तोच अर्ज उघडू नये. उचलणारा माणूस असेलच असं नाही. आधी एखादी आपोआप चालणारी तपासणीही असू शकते. उचलणाऱ्याची पाळी संपली, ठरलेल्या वेळात निकाल दिला गेला नाही किंवा 'ही भाषा माझी नाही' म्हणून त्याने पुढे ढकलला, की कुलूप निघतं आणि अर्ज परत रांगेत पडतो. आमच्या क्लेम प्रणालीत तर हे रोज होतं आणि ग्राहक रोज घाबरतात. मागे जाणारी स्थिती हा नकार नव्हे. नकार मागे जात नाही, तो शेवटाला जातो. अशा वेळी करायची चूक एकच, घाबरून दुसरं अपील टाकणं. बहुतेक ठिकाणी ते घेतलंच जात नाही. आणि घेतलं तरी तो वेगळा अर्ज ठरून रांगेच्या टोकाला जाऊ शकतो.

गुरुवारी पुन्हा अंडर रिव्ह्यू. शुक्रवारी सकाळी `Decision made`, शेजारी हिरवी गोल खूण.

मामेभावाने खूण बघितली, मामाला सांगितलं, "झालं काम." मामा मोटरसायकलवर मंचरला गेला आणि दोन किलो पेढे घेऊन आला. यात्रेच्या आदल्या दिवशी अख्ख्या आळीत पेढे वाटून झाले.

मीटिंग संपल्यावर मी स्क्रीनशॉट पाहिला आणि पोटात खड्डा पडला. डिसिजन मेड हा निकाल नाही. निकाल लागला आहे, एवढीच ती बातमी. हिरवी खूण प्रक्रिया संपल्याची, तुमच्या बाजूने संपल्याची नव्हे. निकाल दुसऱ्या रकान्यात असतो आणि तो बघायला वेगळ्या पानावर जावं लागतं किंवा ईमेल उघडावा लागतो. ईमेलमध्ये शब्द होता `upheld`. तोही फसवा. अपील मान्य झालं तरी इंग्रजीत हाच शब्द, आणि मूळ निर्णय कायम राहिला तरी हाच. वाक्याचा कर्ता शोधावा लागतो. आमच्या ईमेलमध्ये कायम राहिलेला होता तो 'आमचा निर्णय'. म्हणजे व्हिडिओ गेलेलाच होता.

मामाला फोन मी केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हिरवं कशाला दाखवतात रे मग?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायला लाज वाटली. आमच्या क्लेमच्या स्क्रीनवरही संपलेल्या अर्जाला हिरवी खूण आहे, नाकारलेल्या क्लेमलाही. ती मी लावली आहे. आमच्या दृष्टीने संपलेलं काम हिरवं असतं.

पुढे एक दार होतं. भारताच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. मूळ नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निवाडा अशी मुदत होती. त्याच्या उत्तरावर समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत ग्रिव्हन्स अपिलेट कमिटीकडे जाता येतं; केंद्र सरकारने अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या. ही वाट ॲपमधल्या अपिलाच्या पानावर दिसत नाही. आम्हाला ती पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांतल्या एका दुव्यात सापडली. त्याच सहा ओळी, जुना अर्ज क्रमांक आणि एक नवीन वाक्य पाठवलं: ४:०९ च्या हातात उपरणं आहे, कृपया तेवढी चौकट थांबवून पाहा.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. व्हिडिओ परत, स्ट्राइक रद्द, पण वयाची अट लावून. म्हणजे लॉगइन केलेल्या प्रौढालाच दिसणार. त्या मेलनंतरही चार तास जुनाच करडा चौकोन दिसत होता. निकाल एका ठिकाणी लिहिला जातो आणि व्हिडिओ हजार ठिकाणांहून दाखवला जातो, त्यामुळे थोडा वेळ जातोच. तोवर यात्रा होऊन गेली होती.

व्हिडिओ दिसायला लागल्यावर मामेभावाने पहिलं काम केलं ते डाउनलोडचं. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक माझ्या लॅपटॉपवर. मामाच्या फोनवर लॉगइन करून दिलं. तो ४:०९ ला थांबवतो, स्वतःचा वर गेलेला हात बघतो आणि म्हणतो, "खरंच मारायला धावल्यासारखंच दिसतंय की."

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात एक छोटा बदल पाठवला. नाकारलेल्या क्लेमची खूण राखाडी, आणि 'डिसिजन मेड'च्या जागी थेट निकाल. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, हे कोणी मागितलंय? मी तिकिटात लिहिलं: एका युजरने पेढे वाटले होते.

तो बदल अजून पेंडिंग आहे.