केसभर खाली आलेला डोळा

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करणारा खांबचा एक गृहस्थ खिशात छोटी डायरी बाळगतो. पुढच्या पानांवर शिफ्टचे वार, गॅसचा नंबर, दुधाचा हिशेब. मागच्या पानांवर मात्र बायको सहज बोलून गेलेली वाक्यं आहेत. वाक्य जसंच्या तसं, खाली तारीख, आणि तारखेपुढे ती त्या वेळी काय करत होती ते. लग्नाच्या वाढदिवसाला काय द्यायचं, हे तो या पानांवरून ठरवतो.

ही नोंद तो तिच्यासमोर कधीच करत नाही. आपलं बोलणं टिपलं जातंय असं कळलं की माणूस तोलून बोलू लागतो, आणि मग ते बोलणं सहज राहत नाही. बस येईपर्यंत नाक्यावर उभा असताना किंवा कामावर पोचल्यावर तो लिहितो. तेवढ्या वेळात वाक्य विसरण्याआधीच बदलतं, ही खरी अडचण. ‘ही खवणी आता हात खाते’ हे वाक्य दुपारपर्यंत डोक्यात ‘तिला नवी खवणी हवी आहे’ असं होऊन बसतं. पहिलं तिचं आहे, दुसरं त्याने काढलेला अर्थ. डायरीत फक्त पहिलं जातं.

इतकी काळजी कशाला, इतकी वर्षं संसार केल्यावर आवडनिवड कळतेच की, असं कोणीही म्हणेल. डेव्ही लेरूज आणि लुक वारलॉप या संशोधकांनी २००६ मध्ये नेमकी हीच समजूत तपासली. जोडप्यांना एकमेकांच्या आवडीचा अंदाज करायला सांगितला, आणि तोच अंदाज अनोळखी माणसाबद्दलही करायला लावला. अंदाज कुठे चुकतोय हे दाखवलं, की अनोळखी माणसाच्या बाबतीत लोक स्वतःला सुधारत गेले. जोडीदाराच्या बाबतीत मात्र ती माहिती फारशी कामी आली नाही. आधीच साठवलेलं इतकं असतं, की समोर आलेलं नवं त्यात बुडून जातं. डायरीचा उपयोग इथे होतो. ती त्याची ओळख वाढवत नाही, त्या ओळखीला थोडं बाजूला बसवते.

मागच्या पानांवरची बहुतेक वाक्यं भेटीच्या कामाची नसतात. खवणीचे दात बोथट झाले, चार्जरची वायर तुटली, पावसाळी चपलेचा अंगठा निघाला, या तक्रारी आहेत आणि त्यांची जागा बाजाराच्या यादीत आहे. त्या वर्षभर राखून ठेवून वाढदिवसाला कागदात गुंडाळून देणं म्हणजे बायकोला आठ महिने बोथट खवणीवर बसवणं. शेजारणीची साडी पाहून म्हटलेलं ‘छान आहे हो’ हेही फार धरायचं नसतं, ते शेजारणीसाठी म्हटलेलं असतं. याच कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने बायकोचं ‘वाटून वाटून खांदे भरून आले’ हे वाक्य ऐकलं आणि मोठा ग्राइंडर आणला. ती बाई त्या आठवड्यात पाहुण्यांच्या पंगतींनी थकली होती. तिला दुसरं कोणीतरी वाटायला बसायला हवं होतं. आता वाटणही तीच करते आणि ग्राइंडरही तीच धुते.

खांबच्या गृहस्थाचं लक्ष असतं ते वेगळ्या वाक्यांकडे. जी कोणाला काही मागत नाहीत, ज्यांना उत्तराची अपेक्षा नसते, आणि जी निराळ्या महिन्यात, निराळ्या निमित्ताने पुन्हा येतात. परवाच्या वर्षी अशी तीन वाक्यं जमली.

पहिलं भाद्रपदातलं. बायकोचं माहेर पेणचं, आणि लग्नाआधी ती काकांच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला बसायची. पेणच्या मूर्तीची ओळख तिच्या डोळ्यांत असते. माती, साचा, रंग सगळीकडे मिळतात, पण डोळ्यांची आखणी जमली नाही तर मूर्ती पाहते आहे असं वाटत नाही. घरचा गणपती पाटावर बसल्यावर ती दुर्वा निवडता निवडता म्हणाली, ‘डावा डोळा केसभर खाली आलाय. काका असते तर पांढरा मारून परत आखायला लावला असता.’ घरात इतर कोणालाही त्या डोळ्यांत काही दिसलं नाही.

दुसरं माघातलं. माघी गणपतीला पेणला जाताना हमरापूरला जाणाऱ्या एका नातेवाइकाला सोडायला ते त्या बाजूला गेले. हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत घराघरांतून मूर्ती घडतात, आणि रस्त्यालगत कच्च्या मूर्ती रांगेने वाळत असतात. गाडीतून ती म्हणाली, ‘अहो, अजून हात शिवशिवतात.’ मग विषय बदलला.

तिसरं चैत्रात. मुलीच्या शाळेचं चित्र रंगवताना तिने मुलीच्या हातातून ब्रश घेतला, चिमणीचा डोळा काढायला गेली आणि थांबली. ‘याला टोकच नाही गं. मुंगसाचा असता तर एका दमात रेघ आली असती.’

तीन वाक्यं शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय चूक टळत नाही. एकट्या पहिल्या वाक्यावरून त्याने पुढच्या वर्षी जास्त महागाची, नामांकित कारखान्यातली मूर्ती आणली असती. एकट्या दुसऱ्यावरून तिला वाटेल तेव्हा पेणला राहायला पाठवलं असतं, कारण तिला माहेरची आणि तिथल्या बायकांच्या सोबतीची आठवण येते आहे असाही त्याचा अर्थ लागतो. तो प्रत्येक वाक्यात एकच शब्द शोधतो, बोलणं कशावर येऊन टेकलं तो. इथे तिन्हींत काकांचा कारखाना नव्हता, मैत्रिणी नव्हत्या, मूर्तीची श्रीमंतीही नव्हती. परत आखणं, शिवशिवणारा हात, एका दमात येणारी रेघ. तिला पाहायचं नव्हतं, काढायचं होतं.

म्हणून भेट ठरली ती अशी: एक लहान, न रंगवलेली शाडूची मूर्ती आणि ती आखण्याचे ब्रश.

अडलं ते तिच्याच शब्दावर. मुंगसाच्या केसांचे ब्रश जुन्या रंगाऱ्यांना प्रिय होते. केस ताठ, टोक बारीक, दाबला तरी पुन्हा सरळ होणारा. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुंगसाला संरक्षण आहे, आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. एका ब्रशासाठी मुंगूस मारलं जातं, हे कळल्यावर तो पर्याय कायद्यापूर्वीच मनातून गेला. शब्दशः टिपलेलं शब्दशः द्यायचं नसतं हे इथे उघड झालं. तिच्या वाक्यात मुंगूस हे उदाहरण होतं, मागणी होती ती टोकाची.

टोक कसं ओळखायचं हे त्याला पेणच्या दुकानात एका रंगाऱ्याने दाखवलं. ब्रश पाण्यात बुडवायचा, झटका द्यायचा. केस आपोआप एका टोकाला मिळाले तर ठीक, दोन फाटे झाले तर दुकानातच ठेवायचा. मग टोक नखावर हलकं वाकवून सोडायचं, ते लगेच सरळ झालं पाहिजे. बारीक कामाच्या ब्रशांवर शून्यं असतात आणि जितकी शून्यं जास्त तितका ब्रश बारीक. त्याने कृत्रिम केसांचे दोन घेतले, एक शून्य नंबरचा पापणीच्या रेघेसाठी आणि एक तीन शून्यांचा बुबुळासाठी. रंगांबद्दल ती वर्षभरात अवाक्षर बोलली नव्हती. तिथे त्याने अंदाज केला नाही. तिच्या चुलतभावाला फोन करून कारखान्यात वापरतात तो पांढरा, काळा आणि तपकिरी थोडा थोडा बाटलीत मागून घेतला.

दिवसाचाही विचार करावा लागला. रिवाजाने पाहिलं तर बायकोला ओवाळणी घालायचा दिवस दिवाळीचा पाडवा. पण पाडवा येतो गणपतीनंतर, आणि पाडव्याला दिलेला ब्रश पुढचे दहा महिने कपाटात पडतो. लग्नाचा वाढदिवस वैशाखात होता आणि तो नेमका बसला. वैशाखात पेणच्या कारखान्यांतून कच्च्या मूर्ती ठिकठिकाणी रवाना होत असतात, त्यामुळे हवी तशी निवडून मिळते. शिवाय शाडू भाजलेला नसतो, नुसता वाळवलेला असतो. पावसाळी हवेत तो ओल धरतो, आणि एकदा जूनची सर सुरू झाली की न रंगवलेली मूर्ती पेणहून वडखळ, नागोठणे करत खांबला सुखरूप आणणं अवघड. ती त्याने मांडीवर घेऊन आणली. महामार्गाचे खड्डे पाहता दुसरा मार्ग नव्हता.

जेफ गलक, जुलियन गिवी आणि एलनॉर विल्यम्स यांनी २०१६ मध्ये भेटींवरच्या बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेऊन एक गोष्ट मांडली: देणारा पाहतो तो भेट उघडण्याचा क्षण, घेणारा पाहतो ते नंतरचे दिवस. वैशाखातल्या त्या संध्याकाळी आलेल्या नातेवाइकांना ही भेट साधीच वाटली. रंग नसलेली मूर्ती, दोन काड्यांसारखे ब्रश. कोणी वाहवा केली नाही. तिने मात्र मूर्ती उजेडाकडे फिरवली आणि चेहऱ्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

नंतरचे दिवस म्हणजे वेळ, आणि वेळ ब्रशाबरोबर मिळत नाही. आषाढात लावणीची धांदल, पाहुणे, मुलीची शाळा. आखणीला सलग दुपार लागते. हात एकदा थांबला की रेघेचा जाडपणा बदलतो. म्हणून त्याने रात्रपाळी मागून घेतली आणि सुट्टीच्या दुपारी स्वयंपाक, दारावर येणारा माणूस, फोन, सगळं आपल्याकडे घेतलं. हा भाग डायरीत कुठेच नव्हता. तो त्याला मूर्ती मांडीवर असताना सुचला होता, आणि या लेखकाच्या मते भेटीतला तोच महाग भाग होता.

तिने आधी उरलेल्या पुठ्ठ्यावर डोळ्यांच्या जोड्या काढल्या. मग मूर्तीवर पांढरं, ते पूर्ण वाळल्यावर वरच्या पापणीची रेघ, मग तपकिरी बुबुळ, त्यात काळं, आणि सगळ्यात शेवटी चमकेचा पांढरा ठिपका. डावा डोळा दोनदा पुसून आखला. घरात आता डोळ्यांची पारख सुरू झाली आहे आणि मुलगीही लांब उभी राहून ‘आई, उजवा मोठा वाटतो’ असं सांगते.

आखणी चालू असताना ती स्वतःशीच म्हणाली होती, ‘शून्य जरा जाड पडतोय, आणि तीन शून्यांत रंगच टिकत नाही, रेघ मध्येच सुकते.’ ते त्याने नाक्यावर डायरीत लिहिलं आणि लगेच खोडलं. यासाठी पुढच्या वैशाखापर्यंत थांबायचं काही कारण नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने दोन शून्यांचा ब्रश आणून बाजाराच्या पिशवीतून, कांद्यांबरोबर, तिच्या हातात दिला.