चौऱ्यांशी पानं आणि एक कागद

मागच्या वर्षी मामूंची एक निविदा तांत्रिक लिफाफ्यातच बाद झाली. कारण असं की, प्रतिज्ञापत्रावरची तारीख निविदा प्रसिद्ध होण्याच्या चार दिवस आधीची होती. मामूंनी एका जुन्या कामासाठी केलेलं, नोटरी केलेलं, शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचं प्रतिज्ञापत्र जवळ होतंच, म्हणून तेच स्कॅन करून टाकलं. "मजकूर तोच आहे ना बेटा?" मजकूर तोच होता. पण त्रेसष्टाव्या पानावर एका ओळीत लिहिलं होतं की प्रतिज्ञापत्र निविदा प्रसिद्ध झाल्यानंतरचंच असावं. बयाणा रक्कम परत आली, महिन्याभराची धावपळ मात्र आली नाही.

मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. गटारं, पेव्हिंग ब्लॉक, शाळेच्या कुंपणभिंती अशी नगरपरिषदेची कामं घेतात. हिशेब तोंडी, मजुरांचं खातं एका लाल वहीत. काम चोख. वाचन मात्र नाही, आणि हे ते स्वतःच सांगतात. तेव्हापासून ठरलं की निविदा मी वाचायची आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहून द्यायच्या: आपण पात्र आहोत का, काय काय कागद लागतील, आणि कोणती गोष्ट कधीपर्यंत.

या वेळचं काम होतं एका प्रभागातला पेव्हिंग ब्लॉकचा रस्ता आणि त्याच्या कडेचं आरसीसी गटार. अंदाजित रक्कम 38 लाख 40 हजार, मुदत सहा महिने. वर्तमानपत्रातली जाहिरात चार इंचांची, शेवटी नेहमीचं वाक्य: सविस्तर निविदा सूचना mahatenders.gov.in वर उपलब्ध. तिथून उतरवलेली फाइल चौऱ्यांशी पानांची निघाली. त्यातली निम्मी पानं प्रत्येक निविदेत सारखीच असतात: करारातल्या सर्वसाधारण अटी, मालाची प्रमाणकं, सुरक्षेचे नियम. ती काम मिळाल्यावर वाचायची असतात. पण "नंतर वाचू" म्हणून सोडलेल्या त्याच पानांत एखादी पात्रतेची ओळ दडलेली असते, म्हणून एकदा तरी बोट फिरवावंच लागतं. मी पेन्सिल घेऊन बसतो आणि "अन्यथा", "अपात्र", "बाद", "आवश्यक" हे शब्द दिसतील तिथे खूण करतो. इंग्रजी पानांवर `shall be rejected` शोधतो. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक लिहितो. मामूंना तो नको असतो, तो माझ्यासाठी असतो. कुणी उलटं सांगितलं तर परत जाऊन बघता यावं.

पात्रतेत पहिलीच अडचण आली ती 'समान कामा'ची. अट अशी: गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेलं अंदाजित रकमेच्या 80 टक्क्यांचं एक समान काम, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 40 टक्क्यांची तीन. म्हणजे 30 लाख 72 हजारांचं एक, किंवा 19 लाख 20 हजारांची दोन, किंवा 15 लाख 36 हजारांची तीन. ही अट अकराव्या पानावर. 'समान काम' म्हणजे काय, हे सत्तेचाळिसाव्या पानावर: काँक्रीट किंवा पेव्हिंग ब्लॉकचा रस्ता, किंवा आरसीसी गटार. ही दोन पानं एकत्र ठेवल्याशिवाय अट समजतच नाही.

मामू लगेच म्हणाले, "33 लाखांचा तो काँक्रीट रस्ता केला की आपण!" केला होता, पण दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली. कार्यारंभ आदेश त्याच्या नावाचा, दाखलाही त्याच्याच नावाचा. इथं तो शून्य. कुंपणभिंतीचं 16 लाखांचं काम समान कामाच्या व्याख्येतच बसत नव्हतं. उरली दोन: 20 लाख 50 हजारांचा पेव्हिंग ब्लॉक आणि 22 लाख 10 हजारांचं गटार. दोन्ही 19 लाख 20 हजारांच्या वर. म्हणजे दोन कामांच्या पर्यायात आपण बसत होतो, आणि त्यातलं एकही गळून चालणार नव्हतं.

गटाराच्या दाखल्यात मात्र काम कधी पूर्ण झालं ते लिहिलेलंच नव्हतं. कार्यारंभ आदेशाची तारीख होती, रक्कम होती, "काम समाधानकारक" होतं, पूर्ण झाल्याची तारीख नाही. असे दाखले फार सापडतात. सात वर्षं मोजायची ती काम पूर्ण झाल्यापासून, आदेश मिळाल्यापासून नव्हे, म्हणजे जी तारीख लागते तीच कागदावर नाही. मामूंच्या लाल वहीत शेवटचं देयक सापडलं, त्यावरून काम 18 ऑगस्ट 2017 ला पूर्ण झालं होतं.

आता सात वर्षं कुठून मागे मोजायची? वाक्य होतं, "निविदा प्रसिद्ध झालेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरीस संपणारी सात वर्षे". सूचना 5 ऑगस्ट 2024 ला प्रसिद्ध झाली. म्हणजे 31 जुलै 2024 पासून मागे, 1 ऑगस्ट 2017 पर्यंत. गटार अठरा दिवसांनी आत होतं. मी कागदावर ठळक लिहिलं: "गटार चालतं. पूर्णत्वाच्या तारखेचा नवा दाखला हवा. आज अर्ज द्या." मामू त्याच दुपारी जुनं देयक आणि मोजमाप पुस्तकाचा क्रमांक घेऊन गेले. दाखला हातात यायला नऊ दिवस लागले.

दुसरी अडचण निविदा क्षमतेची. सूत्र ओळखीचं आहे:

```
A × N × 2 − B
```

A म्हणजे गेल्या पाच वर्षांत कोणत्याही एका वर्षात केलेल्या स्थापत्य कामांची सर्वाधिक रक्कम, N म्हणजे या कामाची मुदत वर्षांत, B म्हणजे हातात असलेल्या कामांपैकी याच मुदतीत करायचा भाग. उत्तर अंदाजित रकमेपेक्षा कमी आलं की बाद. मामूंचं मोठं वर्ष 2021-22, 41 लाखांचं. मुदत सहा महिने म्हणजे N अर्धा. गुणाकार 41 लाखच. हातातलं 9 लाखांचं काम वजा केलं की उरतात 32 लाख. लागतात 38 लाख 40 हजार. मी पेन्सिल खाली ठेवली होती.

रात्री पुन्हा ते पान उघडलं तर सूत्राखाली बारीक अक्षरात एक तक्ता होता: जुन्या वर्षाची रक्कम आजच्या किमतीला आणण्यासाठी वर्षाला दहा टक्के वाढ. 2021-22 साठी गुणक 1.21. म्हणजे 41 लाखांचे झाले 49 लाख 61 हजार, त्यातून 9 लाख गेले, उरले 40 लाख 61 हजार. दोन लाख एकवीस हजारांनी आपण आत. हा तक्ता प्रत्येक निविदेत असतोच असं नाही आणि गुणकही वेगळे असतात, म्हणून मागच्या निविदेचं गणित उतरवून घेणं धोक्याचं. सूत्रातला 2 सुद्धा कुठे कुठे 1.5 असतो. सीएंनाही निरोप द्यावा लागला की दाखल्यात फक्त स्थापत्य कामांची उलाढाल वेगळी दाखवा. मामूंचं सिमेंटचं छोटं दुकान आहे, आणि दोन्ही मिळून लिहिलेली रक्कम या अटीला चालत नाही.

बाकी कागद नेहमीचे: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, हातातल्या कामांची यादी, आणि नवं प्रतिज्ञापत्र. या शेवटच्यापुढे मी दोन रेघा मारल्या आणि "5 ऑगस्टनंतरचं" असं लिहिलं. नोंदणीची मुदत तपासली. डिजिटल सही कधी संपते तेही तपासलं, कारण ते कुणीच कागदाच्या यादीत धरत नाही.

तारखांचं म्हणाल तर सूचनेत त्या आठ-दहा असतात आणि मामूंना त्यातल्या दोनच लागतात. पण त्या दोन्ही सूचनेत नसतात, मागे मोजून काढाव्या लागतात. पडद्यावर `Bid Submission End Date` होती 28 ऑगस्ट, दुपारी 3. मी कागदावर लिहिलं, "26 ला संध्याकाळपर्यंत सगळं आत." बयाणा रक्कम 38 हजार 400, एनईएफटीने भरायची तर संकेतस्थळावर तयार होणाऱ्या चलनावरच्याच खात्यात, एक रुपयाही कमीजास्त नाही, आणि जमा दिसायला वेळ लागतो. म्हणून ती 23 ला. घड्याळ पाहायचं ते संकेतस्थळाचं, आपल्या मनगटावरचं नाही. आणि सगळं चढवून झाल्यावर `Freeze Bid Submission` दाबून पावती निघाल्याशिवाय उठायचं नाही. ते बटण दाबलं नाही तर चढवलेले कागद असूनही निविदा सादर झालेली नसते. आमच्या गावात हे दोघांच्या बाबतीत झालेलं मला ठाऊक आहे.

22 तारखेला शुद्धिपत्रक आलं. शेवटची तारीख 3 सप्टेंबर. मामू खूश, मी घाबरलो. सात वर्षांची अट जर "निविदा सादर करण्याच्या महिन्या"वर टांगलेली असती, तर मोजणी 31 ऑगस्टपासून सुरू झाली असती आणि 1 सप्टेंबर 2017 च्या आधीचं सगळं बाहेर. गटार गेलं असतं, आणि त्याच्यासोबत आम्हीही. अकरावं पान पुन्हा काढलं. शब्द "प्रसिद्ध झालेल्या" असेच होते, आणि शुद्धिपत्रकात "इतर अटी कायम". तरी मी दोन्ही पानं छापून, ओळीखाली रेघ मारून मामूंच्या फायलीत ठेवली. कुणी विचारलं तर दाखवायला. माझ्या कागदावरच्या तारखा खोडून नव्या लिहिल्या, पण 23 ची बयाणा रक्कम तशीच ठेवली. वाढीव मुदत मिळाली की माणूस पैसे शेवटच्या दिवशी भरतो.

तांत्रिक लिफाफा उघडला तेव्हा पाच जण होते. दोघे बाद झाले, एक समान कामाच्या दाखल्यावर, एक क्षमतेवर. मामू पात्र ठरले. आर्थिक लिफाफ्यात मात्र ते दुसरे आले. पहिल्याने अंदाजपत्रकापेक्षा चौदा टक्के कमी भरलं होतं, मामूंनी सहा. "चौदा टक्क्यांत ब्लॉकखाली खडी कोण टाकणार?" एवढंच मामू म्हणाले, आणि खिशातून घडी केलेली दुसरी जाहिरात काढली. जिल्हा परिषदेची, शाळेच्या दोन खोल्यांची दुरुस्ती. मी पहिल्यांदा तीच ओळ शोधली, समान काम म्हणजे काय.