चित्राला नाव देताना

आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या चार वर्षांच्या कन्येने मेणखडूंनी काढलेले चित्र आम्हांस धाडले. एक मोठे वर्तुळ आणि त्यालाच खाली दोन लांब पाय. धडाचा पत्ता नाही. ‘कोंबडी फार छान!’ असे आम्ही कौतुकाने कळविले. ते तिचे आजोबा होते! आठ दिवस तिने खडूंना हात लावला नाही. या वयात पुष्कळ मुले माणूस असाच काढतात. तेव्हा धड जोडण्याचा उपदेशही व्यर्थच. आता आम्ही दिसेल तेवढेच लिहितो : ‘तांबडा रंग किती दाबून भरलास! याची गोष्ट सांगशील?’ चित्राला नाव देण्याचा अधिकार चित्रकाराचा. नावे ठेवण्याचा कोणाचाच नव्हे.