रेघ ओढायची, पण कारण सांगून

पालमला आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर आम्ही भावंडे मास्यू सोडवतो. निकोली या जपानी प्रकाशनाच्या या कोड्यात सगळ्या मोत्यांतून जाणारी एकच बंद रेघ काढायची असते. ती स्वतःला छेदत नाही. काळ्या मोत्यावर रेघ वळते, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या लगतच्या घरांतून सरळ जाते. पांढऱ्यातून ती सरळ जाते आणि लगतच्या एका तरी घरात वळते.

आमचा नियम एकच. प्रत्येक रेघेचे कारण सांगायचे, नाहीतर पेन्सिल दुसऱ्याच्या हाती.

आपा आधी कडा पाहतात. समजा, काळा मोती वरून दुसऱ्या ओळीत, डावीकडून दुसऱ्या घरात आहे. वर एकच घर आहे, त्यातून पुढे सरळ जायला जागा नाही. डावीकडेही तेच. म्हणून रेघ खाली आणि उजवीकडे, दोन-दोन घरे जाणारच.

तीन पांढरे मोती एका ओळीत लागून आले, तर रेघ त्या ओळीतून जात नाही, कारण मधल्याच्या शेजारी वळायला जागाच उरत नाही. ती तिन्ही मोत्यांतून उभी जाते.

शेवटी धाकटा घाईने दोन टोके जोडू पाहतो. "थांब रे," आपा म्हणतात, "बाहेर मोती राहिलाय." मग ती जोडणी चालत नाही, आणि टोकाला दुसरी एकच वाट उरली असेल तर तीच घ्यावी लागते.